शर्ट इन करायचा की बाहेर सोडायचा: बेल्ट आणि आसनाचा हिशोब

*मास्तर नमस्कार. मी तासगावचा, सांगलीत पतसंस्थेत नुकताच लागलोय, रोज बाईकनं येतो. उंची ५ फूट ६ इंच, पोट थोडंसं आहे. तीन शर्ट आहेत: ऑफिसचा गोल घेराचा, उंची २८ इंच, चेक्सचा थोड्या गोल घेराचा २७, आणि लिननचा सरळ घेराचा २९. पँटी सगळ्या लो वेस्ट. ऑफिसचा इन केला की अकरा वाजेपर्यंत बाहेर, लिननचा बाहेर सोडला की बायको म्हणते आजोबांचा सदरा घातलाय. कुठला इन करायचा, कुठला सोडायचा, याला काही नियम असतो का?*

शर्टाची उंची मोजून लिहिलीस हे फार बरं केलंस भावा, नाहीतर लोक साईज ४० एवढंच सांगतात आणि त्यावरनं मला छातीशिवाय काही कळत नाही. पण नुसत्या शर्टाच्या उंचीवरही ठरत नाही. मी कापड पेठेत २६ वर्षं मशीनवर बसतोय आणि शर्ट सारखा बाहेर येतो म्हणून जी माणसं येतात त्यातल्या निम्म्यांचा शर्ट ठीक असतो, गडबड पँटीची असते, आणि ते शर्ट घेऊन येतात आणि पँट घरी ठेवून येतात.

त्यामुळं आधी दोन मापं घे, दोन्ही अंगावर घ्यायची. टेपचं टोक कॉलरच्या शेजारी खांद्यावर धरायचं, जिथनं आम्ही शर्टाची उंची मोजतो तिथंच, आणि टेप छातीवरनं सरळ खाली सोडायची. पहिलं माप बेल्टच्या वरच्या कडेपर्यंत. हे प्रत्येक पँटीचं वेगळं येणार, म्हणून ज्या पँटीवर शर्ट घालणार ती घालूनच घ्यायचं, आणि पँट जिथं दिवसभर बसती तिथं ठेवून, आरशासमोर वर ओढून नाही. दुसरं माप आसनापर्यंत. आसन म्हणजे दोन्ही पायांच्या शिवणी जिथं मिळतात ती जागा. पँटीचं आसन ढिलं लोंबत असलं तर माप चुकतं, त्यामुळं एक पातळ वही दोन मांड्यांमध्ये वरपर्यंत नेऊन आडवी धरायची आणि वहीच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. बायकोला टेप धरायला लाव, स्वतः वाकून बघायला गेलास की दीड इंच इकडंतिकडं होतं.

तुझ्या उंचीच्या, थोडं पोट असलेल्या गिऱ्हाइकांचं आसनापर्यंतचं माप माझ्या वहीत २८ च्या आसपास पडतं, मी पुढं २८ धरून चालतो, तुझं अर्धा इंच वेगळं आलं तर सगळे आकडे तेवढेच सरकव. लो वेस्ट पँटीचा बेल्ट २१ वर येईल. आणि तुझ्या वडिलांच्या काळातली प्लेटची, बेंबीजवळ बसणारी पँट असली तर तिचा बेल्ट साडेअठरावर येईल. म्हणजे शर्ट तोच, माणूस तोच, आणि बेल्ट अडीच इंच वरखाली. सगळा खेळ या अडीच इंचांचा आहे.

आता इनचं बघू, कारण तुझं रोजचं दुखणं तेच आहे.

इन टिकतो तो बेल्टच्या खाली किती कापड उरतं त्यावर. पण हे कापड सगळीकडं सारखं नसतं, आणि इथं घेराचा आकार येतो. गोल घेर, ज्याला दुकानात ॲपल कट म्हणतात, तो पुढंमागं लांब आणि बाजूला वर गेलेला असतो. हा आकार शोभेसाठी काढलेला नाही. पूर्वी शर्ट हे आतलं कापड होतं, पुढचंमागचं लांब शेपूट पायांच्या मधे घेऊन बसवायचे, आणि बाजूला कुल्ह्यावर कापडाचा गोळा होऊ नये म्हणून तिथं कमी केलेलं. म्हणजे खोल ॲपल कट हा जन्मानं इनचाच शर्ट. पण त्याच्यात एक मेख आहे, तो सुटतो नेहमी बाजूनं. लोकांना वाटतं पाठीमागनं सुटला, कारण पाठ आरशात दिसत नाही आणि मित्र सांगतात मागनं आलाय बघ, पण सुरुवात बाजूच्या शिवणीपासनं होती आणि मग मागचं त्याच्या मागनं येतं.

तुझ्या ऑफिसच्या शर्टाचा हिशोब करून दाखवतो. शर्ट पुढं २८. तो सपाट अंथर, शेपटाच्या टोकापासनं बाजूची शिवण किती वर आहे ते मोज, ऑफिसच्या शर्टात साधारण तीन इंच निघतं. म्हणजे बाजूला शर्टाची उंची २५. बेल्ट २१ वर. पुढंमागं बेल्टखाली ७ इंच आणि बाजूला फक्त ४. आता हात वर कर, एसटीत वरच्या दांडीला धरतो तसे. बगलेचा मुंढा खोल असला, आणि रेडिमेडचा असतोच, की आख्खा शर्ट अडीच-तीन इंच वर उचलला जातो. बाजूला राहिला एक इंच. त्यात बाईकवर बसून पुढं वाकलास की पाठ लांबती आणि लो वेस्ट पँट मागनं खाली जाती, दोन्हीकडनं मिळून आणखी दोन-तीन इंच गेले. तासगावपासनं सांगलीपर्यंत तू पाऊण तास तसाच बसून येतोस, म्हणजे पतसंस्थेच्या दारात पोचायच्या आधीच शर्टानं अर्धा रस्ता काढलेला असतो, अकरा वाजतात ते नुसतं लक्षात यायला.

मी धरतो तो आकडा असा: बाजूला, म्हणजे जिथं शर्ट सगळ्यात आखूड आहे तिथं, बेल्टखाली निदान ६ इंच पाहिजेत, आणि पुढंमागं ८ ते ९. बसून काम करणाऱ्याला एवढं पुरतं. फळ्यावर लिहिणारा मास्तर किंवा वरच्या रॅकमधली फाईल काढणारा माणूस असला तर मी अर्धा-एक इंच जास्तच ठेवतो.

या हिशोबानं तुझ्या लो वेस्ट पँटीवर इन टिकायला ॲपल कटचा शर्ट निदान ३० चा पाहिजे, बाजूला २७. तुझा २८ चा. दोन इंच कमी, आणि दोन इंच काही लांबवता येत नाहीत, खाली पट्टी जोडता येती पण ते काम मी करत नाही, इन केल्यावर दिसत नाही म्हणतात पण धुऊन दोरीवर वाळत घातल्यावर शेजारी बघतातच की. पण तोच शर्ट साडेअठराच्या बेल्टवर घालून बघ. पुढंमागं साडेनऊ, बाजूला साडेसहा. टिकला! शर्टाला हातही लावला नाही. म्हणून तुला या शर्टासाठी माझं सांगणं एवढंच, की शर्ट नवीन घेऊ नकोस, पँट घे.

पँट घेताना दुकानात लो वेस्ट, मिड राईज, हाय वेस्ट असली नावं असतात त्यावर भरवसा ठेवू नको, एकाचा मिड तो दुसऱ्याचा लो असतो. पुढची उंची मोज, चेन जिथं आहे तिथनं, बेल्टपट्टीच्या वरच्या कडेपासनं आसनाच्या शिवणीपर्यंत, शिवणीच्या वळणावरनं टेप फिरवत. तुझ्या मापाच्या लो वेस्टमध्ये ९ च्या आसपास निघतं, मिडमध्ये १० च्या आसपास, आणि अकरा-साडेअकरा निघालं की ती बेंबीजवळ बसणार. तुला ऑफिसला अकराच्या पुढची घ्यायची. १० ची घेतलीस तर बेल्ट २० वर येईल आणि बाजूला ५ इंच राहतील, म्हणजे कधी टिकेल कधी नाही, आणि असला शर्ट सारखा चाचपत बसायला लावतो तो सगळ्यात वाईट.

पोटाचं एक सांगतो कारण तू स्वतःच लिहिलंस. पोट असलेला माणूस हाय वेस्ट पँट घेतो आणि नेसतो पोटाच्या खाली. मग आसन खाली लोंबतं, पुढं बेल्ट दोन इंच उतरतो आणि पँट नावाला हाय आणि वागायला लो. वर पोटावरनं जाताना शर्टाचं पुढचं कापड एखादा इंच खातं. दोन्ही मिळून पुढच्या आठ इंचातले तीन इंच गेले. तुझं पोट थोडंसं आहे म्हणतोस तर पँट पोटावर घेता येईल, कमरेला अर्धा इंच ढिली ठेव आणि प्लेटची घे, बसल्यावर ताण येत नाही. ज्यांचं पोट पुढंच आलेलं आहे त्यांना मी शर्टाची पुढची बाजू मागच्यापेक्षा एक इंच लांब कापतो, आणि अंगात घातल्यावर पुढंमागं सरळ दिसतो. हे शिवलेल्या शर्टातच होतं, रेडिमेडमध्ये नाही.

आणखी दोन उपाय लोक करतात, त्याबद्दल दोन शब्द. बाजूचं ढिलं कापड चिमटीत धरून मागं दुमडायचं आणि मग वर बेल्ट आवळायचा, खाकी वर्दीवाले करतात ते. त्यानं फुगवटा जातो, शर्ट अंगाला चपखल दिसतो, पण ते रुंदीचं औषध आहे, उंची कमी असली तर सुटायचा तो सुटतोच, उलट दुमड सुटली की एकदम गबाळा दिसतो. दुसरा उपाय म्हणजे बेल्टपट्टीच्या आत ग्रीपर, ती रबराची रेघ असलेली पट्टी. ती चांगली आहे, नवीन पँट शिवून घेतलीस तर लावायला सांग, कापड सरकायचं कमी होतं. पण धरायला आत कापड तर पाहिजे ना, चार इंचात ती तरी काय धरणार.

बाहेर सोडायच्या शर्टाचा नियम वेगळा आहे, तो खालनं मोजायचा.

सगळे सांगतात शर्ट चेनच्या अर्ध्यापर्यंत आला पाहिजे. ऐकायला सोपं आहे, पण चेन पँटीप्रमाणं बदलती. लो वेस्टची चेन आखूड, तिचं अर्ध खाली येतं. हाय वेस्टची चेन लांब, तिचं अर्ध वर जातं. म्हणजे शर्ट तोच, आणि एका पँटीवर बरोबर आणि दुसऱ्यावर लांब? मागच्या खिशाचंही तसंच, कुणी खिसा वर लावतो कुणी खाली. अंगावरची न हलणारी जागा एकच, आसन. म्हणून मी आसनापासनं वर मोजतो. शर्टाची पुढची कड आसनाच्या दीड ते तीन इंच वर. तुझं आसन २८ तर बाहेर सोडायचा शर्ट २५ ते साडेसव्वीस.

याच्या खाली गेला की काय होतं तर पाय आखूड दिसतात. बघणाऱ्याला तुझे पाय कुठनं सुरू होतात ते शर्टाची कड सांगती, ती आसनाच्या खाली गेली की पाय तिथनं सुरू झाले असं दिसतं. सहा फुटाच्या माणसाला एक इंच लांब चालून जातो, साडेपाच फुटाला नाही. आजोबांचा सदरा म्हणली ना बायको, बरोबर म्हणली, फक्त नेहरू शर्ट आणि सदरा ही वेगळी जात आहे, ते मांडीपर्यंतच असतात आणि खाली पायजमा किंवा धोतर असतं, तिथं कुणी पायाची लांबी बघत नाही. अडचण होती ती अधल्यामधल्या लांबीची, ना सदरा ना शर्ट.

आणि वरची हद्द कोण ठरवतं तर बेल्ट. हात वर केल्यावर शर्ट तीन इंच उचलला तरी बेल्ट आणि बनियन दिसता कामा नये, म्हणून बेल्टच्या वरच्या कडेखाली निदान चार इंच. लो वेस्टवर २१ अधिक ४, म्हणजे २५, त्याच्यापेक्षा आखूड नको. आणि गोल घेर असला तर हे चार इंच बाजूला मोजायचे, पुढं नाही. आता गंमत बघ, हाय वेस्ट पँटीवर ही हद्द साडेबावीसपर्यंत वर जाती. म्हणून आजकालची पोरं ते आखूड, ढगळ, सरळ घेराचे हाफ शर्ट घालतात ते हाय वेस्ट पँटीवर झकास दिसतात, आणि तोच शर्ट माझ्याकडं येणाऱ्या एका कॉलेजच्या पोरानं लो वेस्ट जीन्सवर घातला आणि गाडीवर बसला की पाठ उघडी. तो म्हणला काका शर्ट लांब करा. मी म्हणलो पँट वर घे.

घेराचा आकार बाहेर सोडताना जास्त बघायचा, कारण इन केल्यावर घेर आत जातो आणि बाहेर सोडल्यावर तोच सगळ्यात आधी दिसतो. सरळ घेर, बाजूला दीड-दोन इंचाचे साइड कट, हा बाहेरचाच शर्ट. आमच्या वडिलांच्या पिढीत त्याला बुशशर्ट म्हणायचे, काहीजण मनिला म्हणायचे, सफारीचा वरचा भाग पण तसाच. तो इन करता येत नाही असं नाही, पण बाजूला पण तेवढंच कापड असल्यामुळं कुल्ह्यावर गोळा होतो आणि बारीक कटाच्या पँटीत बाहेरनं वळ्या दिसतात. थोडा गोल घेर, म्हणजे टोक आणि बाजू यात एक ते दीड इंच फरक, हा दोन्हीकडं चालतो. तीन इंचाचा खोल ॲपल कट मात्र बाहेर सोडला की पुढं एक जीभ, मागं एक जीभ, आणि बाजूनं खिशाचं तोंड आणि बेल्ट दिसतो. खोली मोजायला टेप नसली तर चार बोटं लाव, चार बोटांएवढा फरक आला तर तो इनचा शर्ट, दोन बोटं किंवा कमी आला तर सोडायला हरकत नाही.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेव. तुझ्या लो वेस्टवर बाहेर सोडायला साडेसव्वीसपर्यंत, ॲपल कट इन करायला ३० पासनं पुढं. मधले साडेतीन इंच काय? ते कशातच नाहीत. आणि रेडिमेडचे बरेच शर्ट तुझ्या उंचीच्या माणसाला नेमके त्याच साडेतीन इंचात येतात, कारण साईज छातीवर असती आणि एकाच छातीत साडेपाच फुटाचा पण असतो आणि सहा फुटाचा पण. दुकानदार म्हणतो इन करा नाहीतर सोडा, दोन्ही चालतं. दोन्ही चालत नाही. तुझे तिन्ही शर्ट त्याच पट्ट्यात आहेत, म्हणून तुला वाटतंय की आपल्यालाच घालता येत नाही.

चेक्सचा, २७. थोडा गोल घेर म्हणतोस तर बाजूला साडेपंचवीस असेल. बाहेर सोडायला अर्धा इंचच जास्त. याला हात लावू नको, किंवा फार तर पुढंमागचं टोक अर्धा इंच काढून घे. रविवारी लो वेस्टवर बाहेर, आणि नवीन अकरा-साडेअकराची पँट आली की त्याच्यावर इन, बाजूला ७ पडतात, पुढं साडेआठ. तिघांत हाच शर्ट दोन्हीकडं चालणारा आहे.

लिननचा, २९ सरळ. लो वेस्टवर इन केलास तर चारी बाजूला ८ इंच आत, सुटणार नाही, पण लिनन जाड आणि सरळ घेर, मांडीच्या वर गाठोडं दिसेल. हा बाहेरचाच. तीन इंच काढून २६ कर. पण कापायच्या आधी तीन गोष्टी बघ.

एक, शर्ट दोन-तीनदा धुऊन झालाय का. सुती आणि लिनन पहिल्या धुण्यांत उंचीला आटतात, तीस इंचाचा शर्ट सहज एक इंच आटतो, कापड शिवायच्या आधी पाण्यात घातलेलं नसलं तर त्याहून जास्त पण. मी नवीन असताना मेव्हण्याचा कोरा सुती शर्ट मोजूनमापून छान कापून दिला, महिन्याभरानं तो पोटाच्या वर आलेला, अजून लग्नकार्यात सगळ्यांसमोर काढतो. तेव्हापासनं कोरा शर्ट मी कापायला घेत नाही.

दोन, शेवटचं बटण. कापल्यावर शेवटच्या बटणापासनं कडेपर्यंत निदान अडीच इंच राहिले पाहिजेत. तुझ्या शर्टात आत्ता बटणाखाली सहा इंच असतील तर तीन काढून तीन राहतील, झकास. चारच असतील तर एक राहील, मग ते बटण अगदी कडेवर येतं, बसल्यावर ओढलं जातं आणि पुढचा भाग चोच काढल्यासारखा उभा राहतो. तसं असलं तर शेवटचं बटण काढून काज बुजवावं लागेल आणि ते बुजवलेलं लिननवर दिसतं, अशा वेळी तीनच्या जागी दीड इंचच काढ.

तीन, घेराची रुंदी. शर्ट कमरेला बारीक करून खाली कुल्ह्यावर मोकळा केलेला असतो, आणि खालचे तीन इंच काढले की तो मोकळा भागच जातो. शर्ट घालून बटणं लाव, जिथं कापायचं तिथं टाचण्या लाव आणि त्या रेषेवर दोन्हीकडनं कापड चिमटीत धर. एका बाजूला एक इंच, दुसऱ्या बाजूला एक इंच दुहेरी कापड सहज धरता आलं म्हणजे घेर अंगापेक्षा चार इंच मोकळा, चालेल. चिमटीत येतच नसेल तर शर्ट कुल्ह्यावर चढून वर गोळा होईल. त्यावर साइड कट दीड इंचाच्या जागी अडीच इंचाचे करायचे, थोडा फरक पडतो, पण फार घट्ट असेल तर कापूच नको.

खालची दुमड सरळ घेराला पाऊण इंच ठेवायची, लिननला वजन पाहिजे म्हणजे कड सरळ पडती. गोल घेराला पाव इंचाच्या वर जाता येत नाही, वळणावर चुण्या पडतात.

ऑफिसच्या शर्टाचं वर सांगितलंच, पँट बदल. पण पुढं कधी तो जुना झाला, कॉलर घासली, तर त्याचा बाहेरचा शर्ट होतो, आणि त्यासाठी सगळीकडनं कापायचं नाही. बाजूला २५ आहे ते तसंच ठेवायचं आणि पुढंमागचं फक्त शेपूट २८ वरनं २६ वर आणायचं. खोल ॲपल कटचा एक इंचाचा हलका घेर होतो, बाजूला बेल्टखाली चार इंच राहतातच. बरेच जण चारी बाजूनं दोन इंच काढून घेतात, मग बाजूला २३ राहतो आणि हात वर केला की कुल्हा उघडा. पण एकदा शेपूट काढलं की तो परत लो काय हाय काय, इन करायचा शर्ट राहिला नाही हे लक्षात ठेवून काप.

पुढचं तेवढं इन करून बाकी बाहेर सोडायची फॅशन आहे, ती पतसंस्थेत तरी करू नको, मॅनेजरला वाटेल घाईत आलास.

आल्टरला देताना कुठल्याही टेलरला थोडा आखूड करा म्हणू नको, थोडा म्हणजे एकाचा इंच आणि दुसऱ्याचा तीन. शर्ट इस्त्री करून ने, चुरगळलेल्या लिननमध्ये अर्धा इंच लपतो, आणि ज्या पँटीवर घालणार ती अंगात घालून जा. सांगायचं, कॉलरजवळच्या खांद्यापासनं पुढं तयार उंची २६, दुमड पाऊण, साइड कट दोन इंच. तयार हा शब्द सोडू नको, नाहीतर तो २६ वर कापेल आणि दुमड आत घेईल, आणि तुझ्या हातात सव्वापंचवीस येईल.